मशीन सुटलं, कागद गेला

दोन वस्तू एकाच दिवशी, एकाच माणसाकडून, पूर्ण पैसे देऊन घेतल्या. एक मिळाली, एक बुडाली. बिलं दोन्हींची होती, जीएसटी दोन्हींवर भरला होता, आणि दोन्ही एकाच गोदामात एकाच कुलुपाखाली होत्या. मग एक का मिळाली आणि दुसरी का नाही, हे कळायला मला दीड वर्ष आणि एका वकिलाची फी लागली. माल घेऊन तो विकणाऱ्याकडेच ठेवायची सवय असलेल्यांनी हे जरूर वाचा.

माझी छोटी प्रेस आहे. एक कागद-व्यापारी कंपनी आमची नेहमीची. तिच्या मालकांनी फोन केला, की जुनं पेपर कटिंग मशीन काढायचं आहे आणि कागदाचा भावही आज चांगला आहे. मी जाऊन मशीन पाहिलं. मोटर थोडी आवाज करत होती. "रिवाइंडिंग करून देतो," म्हणाले. मला घाई होती, म्हणून म्हटलं, राहू दे, आहे तसं घेतो, मी बघतो. बिलावर मशीनचा सीरियल नंबर पडला आणि खाली "आहे त्या स्थितीत" असं लिहिलं गेलं. दुसरं बिल कागदाचं, १२० रिळं, ७० जीएसएम. त्यात नंबर वगैरे काही नाही. कागद काय, कागदासारखा कागद.

माझ्याकडे मशीनचा चबुतरा तयार नव्हता आणि रिळं ठेवायला जागाही नव्हती. "असू दे हो आमच्याकडे, माल तुमचाच आहे," असं मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. रिळांची थप्पी, वर दोरीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर माझ्या प्रेसचं नाव. तो फोटो बघून मी निर्धास्त झालो. आजही तो माझ्या मोबाइलमध्ये आहे.

तीन आठवड्यांनी गोदामातला पाण्याचा पाइप फुटला. मशीनच्या पॅनलमध्ये पाणी गेलं, काही रिळं भिजली. मी फोनवर आवाज चढवला. त्यावर आलेली ई-मेल जवळजवळ जशीच्या तशी देतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरलं: "मशीन तुम्ही आहे तसं घेतलं आहे, ते त्या दिवसापासून तुमचं आहे. उचलायला उशीर तुमच्याकडून झाला, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे येत नाही. कागदाची मात्र काळजी करू नका, भिजलेल्या रिळांऐवजी आपण दुसरी देऊ."

पहिलं वाक्य वाचून मी भडकलो, शेवटचं वाचून शांत झालो. दोन्ही वेळा चुकलो.

मशीनबद्दल ते खरं बोलत होते. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम २० नुसार एखादी विशिष्ट वस्तू, म्हणजे करार होताना दोघांनी बोट ठेवून ठरवलेली वस्तू, देण्यायोग्य स्थितीत असेल आणि विक्रीला काही अट नसेल, तर सौदा होतो त्या क्षणी ती घेणाऱ्याची होते. पैसे नंतर द्यायचे असोत की माल नंतर न्यायचा असो, त्याने फरक पडत नाही. अर्थात दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर. आणि मालकी आली की तिच्या पाठोपाठ धोकाही येतो, हे कलम २६. वस्तू कुणाच्या छपराखाली आहे यावर नव्हे, तर ती कुणाची आहे यावर नुकसान कुणाचं ते ठरतं. अपवाद आहे. डिलिव्हरीला विकणाऱ्याच्या दोषाने उशीर झाला असता, तर त्या उशिरामुळे होऊ शकणारं नुकसान त्याच्यावर गेलं असतं. निष्काळजीपणे ठेवलं असतं तरीही भांडता आलं असतं. पण पाइप अचानक फुटला होता, आणि उशीर माझ्या चबुतऱ्यामुळे होता. पॅनल मी माझ्या पैशाने बदलून घेतलं. विमा त्यांच्या नावावर होता, त्यात माझं मशीन नव्हतं.

नंतर फोन लागेनासे झाले. मग वर्तमानपत्रात नोटीस आली. बँकेच्या अर्जावरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली होती, गोदामाला कुलूप लागलं होतं, आणि घेणेकऱ्यांनी, म्हणजे ज्यांचे कंपनीकडून पैसे येणं आहेत त्यांनी, दावे पाठवावेत असं आवाहन होतं. मी कागदपत्रांची फाइल घेऊन रेझोल्युशन प्रोफेशनलच्या, म्हणजे या काळात कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या माणसाच्या, ऑफिसात गेलो. माझ्या दृष्टीने मी घेणेकरी नव्हतोच, माझा माल त्यांच्याकडे पडलेला होता, तेवढा उचलून आणायचा होता.

तिथे मला पहिल्यांदा या दोन गोष्टींतला फरक कळला. वस्तू तुमची असेल, तर ती कंपनीच्या मालमत्तेत धरलीच जात नाही आणि घेणेकऱ्यांत वाटलीही जात नाही. वस्तू तुमची नसेल, तर तुम्ही कितीही पैसे भरलेले असोत, तुमच्याकडे उरतो तो फक्त पैशाचा दावा, आणि तो घेऊन रांगेत उभं राहायचं. ती रांगही साधी नाही. प्रक्रियेचा खर्च आधी, मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी आणि तारण घेतलेली बँक, मग बाकीचे. माझ्यासारखे खूप खाली. माल घेण्यासाठी आगाऊ पैसे देणाऱ्यालाही ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे मालाच्या व्यवहारात पैसे अडकलेला घेणेकरी, म्हणून धरता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे दावा स्वीकारला गेला. पण यादीत नाव येणं वेगळं आणि हातात पैसे येणं वेगळं.

मशीन आमचंच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काय होतं? सीरियल नंबरचं बिल, आणि तीच ई-मेल. "ते त्या दिवसापासून तुमचं आहे" असं कंपनीने स्वतः लिहून दिलेलं, तेही स्वतःचा खर्च टाळण्यासाठी. वकील ती वाचून हसले. म्हणाले, यापेक्षा चांगला पुरावा तुम्ही मागूनही मिळाला नसता. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती मला अजून आठवली की घाम फुटतो. मोटर रिवाइंड करून द्यायची ठरली असती, तर ते काम पूर्ण होऊन तसं मला कळेपर्यंत मशीन माझं झालंच नसतं. घाईत बोललेल्या "राहू दे"ने मशीन वाचलं. अक्कलहुशारी वगैरे काही नव्हती.

तरी मशीन लगेच मिळालं नाही. प्रक्रिया चालू असताना कंपनीकडून होणाऱ्या वसुलीला स्थगिती असते, आणि त्या काळात खऱ्या मालकालाही कंपनीच्या ताब्यातली वस्तू परस्पर उचलता येत नाही. कंपनी घ्यायला कुणी पुढे आलं नाही, प्रकरण पाहणाऱ्या ट्रायब्युनलने लिक्विडेशनचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळायचा आदेश दिला, आणि त्यानंतर ते काम पाहणाऱ्या लिक्विडेटरने कागद तपासून मशीन सोडलं.

आता रिळं. त्याच वस्तू विक्री कायद्याचं कलम १८ एका ओळीत सांगतं की माल निश्चित झालेला नसेल, तर तो निश्चित होईपर्यंत मालकी जात नाही. गोदामात ७० जीएसएमची शेकडो रिळं होती, त्यातली १२० माझी. पण कोणती? प्रत्येक रिळावर मिलचं लेबल असतं आणि त्यावर रीळ नंबर असतो. माझ्या बिलावर एकही नंबर नव्हता. पैसे पूर्ण दिले, बिल निघालं, जीएसटी भरला, यातल्या कशानेही रीळ "हे" होत नाही, ते "कुठलंतरी" राहतं.

मी फोटो पुढे केला. लिक्विडेटरच्या माणसाने माझ्यासमोर आणखी दोन फोटो ठेवले, दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांनी दाव्यासोबत जोडलेले. तीच थप्पी. खालच्या रांगेतल्या तिसऱ्या रिळाचं वेष्टन कोपऱ्यात फाटलेलं, मागे भिंतीवर तोच अग्निशामक सिलिंडर. फक्त चिठ्ठी बदललेली. एकच थप्पी तिघांना विकून झाली होती. इथे माझी फसवणूक झाली हे मला तेव्हा समजलं, कंपनी बुडाल्यावर काही महिन्यांनी.

आणि समजा थप्पी खरोखर माझ्यासाठीच लावली असती, तर? तरीही खात्री नव्हती. १९५७ सालचा फेडरस्पील नावाचा इंग्रजी निकाल वकिलांनी सांगितला. परदेशातल्या गिऱ्हाइकाने सायकलींचे पूर्ण पैसे आधी भरले होते. सायकली खोक्यांत भरून त्यांवर त्याच्या खुणाही घातल्या होत्या, फक्त जहाजावर चढवायच्या राहिल्या. तेवढ्यात कंपनी बुडाली. कोर्टाने म्हटलं, माल बाजूला काढून ठेवणं पुरेसं नाही, तो आता याच करारासाठी आहे आणि मागे घेतला जाणार नाही, असं पक्कं झालं पाहिजे, आणि इथे ते जहाजावर चढवताना होणार होतं. माझ्या बाबतीत तर कंपनीने ई-मेलमध्येच लिहिलं होतं, "दुसरी देऊ". म्हणजे कोणतीही रिळं देण्याची मुभा त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. ज्या वाक्याने मी शांत झालो होतो, त्यानेच माझा दावा बुडवला. तसं पाहिलं तर भिजलेल्या रिळांचं नुकसान माझ्यावर आलं नव्हतं, कारण रिळं माझी नव्हतीच. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

इंग्लंडमध्ये १९९५ साली कायदा बदलला. ठरलेल्या एका ढिगातून अमुक इतके नग पैसे आधी भरून घेतले असतील, तर तिथे घेणारा त्या ढिगात आपल्या हिश्श्यापुरता सहमालक होतो. आपल्या १९३० च्या कायद्यात तसं काही नाही.

आता मी कागद घेतो तेव्हा रिळांचे नंबर बिलावर घालून घेतो, आणि माल शक्यतो त्याच दिवशी उचलतो. ठेवावाच लागला, तर "हे नंबर तुम्हाला विकले, बदलणार नाही, तुमच्यासाठी सांभाळतो आहोत" असं सही-शिक्क्याचं पत्र घेतो, आणि त्या दिवसापासून विमा माझ्या नावावर काढतो, कारण पत्र हातात आलं की पाइप फुटल्याचा खर्चही माझा. पत्र असलं तरी पूर्ण निर्धास्त होत नाही. माल विकणाऱ्याच्या ताब्यात राहिला आणि त्याने तो दुसऱ्याला पुन्हा विकून दिला, तर काहीही माहीत नसलेल्या त्या दुसऱ्याची मालकी टिकू शकते. काही व्यापारी नंबर लिहायला सांगितल्यावर तोंड वाकडं करतात. त्यांच्याकडे मी माल ठेवत नाही.

मशीन आणायला टेम्पो घेऊन गेलो, तेव्हा ती थप्पी दाराजवळच होती. पुठ्ठ्याची एक चिठ्ठी अजून लोंबत होती, तिसऱ्याच कुणाच्या नावाची. तिच्या शेजारी लिलावाचा लॉट नंबर चिकटवला होता.