पिंटरेस्टचे बोर्ड वस्तूवरून लावावेत की जागेवरून?

हाताने फर्निचर घडवणाऱ्याला पिंटरेस्टवर बोर्ड दोन पद्धतींनी लावता येतात. एक कॅटलॉगची पद्धत: ‘टेबलं’, ‘खुर्च्या’, ‘आमचं काम’. दुसरी शोधणाऱ्याच्या घरातल्या जागेवरून: ‘अरुंद पॅसेजसाठी फर्निचर’, ‘छोट्या खोलीतली अभ्यासाची जागा’. वेबसाइटवर सतत थोडी थोडी माणसं येत राहावीत एवढंच हवं असेल, तर दुसरी पद्धत धरा.

पिंटरेस्टवर येणारा माणूस कारागिराला ओळखत नसतो. त्याच्या डोळ्यांसमोर एक रिकामी भिंत असते आणि तो त्या भिंतीबद्दल शोधतो. पिन कोणाला दाखवायचा हे ठरवताना चित्र, शीर्षक, वर्णन आणि बोर्ड या सगळ्यांचा आधार घेतला जातो. ‘आमचं काम’ या नावातून त्या भिंतीबद्दल काहीच कळत नाही, आणि त्याच बोर्डात झोपाळा, देव्हारा आणि वर्कशॉपचे फोटो एकत्र असले तर बोर्ड कशाचा आहे हेही ठरत नाही.

एकाच टेबलाचे दोन पिन घेऊ. सागवानी कन्सोल टेबल, लांबी 120 सेमी, भिंतीपासून बाहेर 28 सेमी. पहिल्याचं वर्णन: ‘मनापासून घडवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं. प्रत्येक वस्तूमागे एक गोष्ट.’ दुसऱ्याचं: ‘अरुंद पॅसेजसाठी सागवानी कन्सोल टेबल, भिंतीपासून फक्त 28 सेमी बाहेर. कोपरे गोल केलेले, त्यामुळे येता-जाता लागत नाहीत. 90 आणि 150 सेमी लांबीतही होतं. सगळी मापं आणि पॉलिशचे नमुने वेबसाइटवर.’

पहिलं वाचायला छान आहे, पण ते कुठल्याही कपाटाखाली चिकटवता येईल. दुसऱ्यात शोधाचे शब्द आपसूक येतात आणि 28 हा आकडा वाचून माणूस मनातल्या मनात आपला पॅसेज मोजतो. शेवटचं वाक्य तर सगळ्यात कामाचं. पिनमध्येच सगळं मिळालं, तर माणूस तो सेव्ह करून पुढे सरकतो; उरलेली मापं आणि पॉलिश बघायला त्याला वेबसाइटवर यावंच लागतं.

शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा असली, तरी फीडमध्ये बऱ्याचदा सुरुवातच दिसते. म्हणून ‘अरुंद कन्सोल टेबल’ आधी, तुमच्या ब्रँडचं नाव शेवटी. शब्द मनाने ठरवू नका. गिऱ्हाईक ज्या भाषेत टाइप करतं त्या भाषेत शोधपट्टीत सुरुवात करा आणि खाली कोणत्या सूचना येतात ते बघा. तुमचं गिऱ्हाईक `narrow console table` असं लिहीत असेल, तर त्याच्यासाठीचं शीर्षक आणि वर्णनही इंग्रजीतच हवं.

आता लिंक, जिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. हाताने केलेली वस्तू अनेकदा एकच असते. ती विकली गेली की वेबसाइटवरून तिचं पान काढलं जातं, पिन मात्र पुढेही लोकांना दिसत राहतो आणि येणारा प्रत्येक जण ‘पान सापडलं नाही’ असं सांगणाऱ्या 404 वर आदळतो. एका वस्तूच्या पानाऐवजी त्या प्रकाराच्या कायमच्या पानाची लिंक दिली, तर हा प्रश्न येत नाही. वस्तूच्याच पानाची लिंक दिली असेल, तर ते पान काढू नका. ‘हे विकलं गेलं, याच मापात करून मिळेल’ असं लिहून ऑर्डरचा फॉर्म ठेवा. पान हलवलंच, तर जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट लावा, म्हणजे येणारा आपोआप नव्या पानावर जाईल.

कोणती पद्धत चालते आहे हे पिंटरेस्टच्या ॲनालिटिक्समध्ये कळतं, मात्र सेव्हच्या आकड्यावरून नाही. आउटबाउंड क्लिक्स बघा, कारण वेबसाइटवर किती जण गेले ते तिथेच दिसतं. इंप्रेशन्स आणि सेव्ह भरपूर पण हे क्लिक जवळजवळ नाहीत, तर फोटो आवडतो आहे, पण वेबसाइटवर यायचं कारण वर्णनात नाही. इंप्रेशन्सच तुटपुंजी असतील, तर आधी शब्द आणि बोर्ड तपासा. पिनला जम बसायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, तेव्हा चार दिवसांत पिन काढून टाकू नका.

कॅटलॉगची पद्धत सरसकट चुकीची नाही. तुम्ही ठरावीक मॉडेल्स पुन्हा पुन्हा बनवत असाल किंवा इंटिरिअर डिझायनरला एकच लिंक पाठवून सगळं काम दाखवायचं असेल, तर तीच सोयीची. फक्त बोर्डाला ‘कलेक्शन 3’ म्हणण्यापेक्षा ‘सागवानी डायनिंग टेबल’ म्हणा.

आधीच कॅटलॉग लावून बसला असाल, तर सगळं मोडायची गरज नाही. बोर्डाचं नाव बदलता येतं आणि पिन एका बोर्डातून दुसऱ्यात हलवता येतात. पिनवरची वेबसाइटची लिंक तशीच राहते. ज्या पिनवर आजही क्लिक येतात ते आधी जागेच्या बोर्डात न्या, मग त्यांची वर्णनं मापांसकट नव्याने लिहा.