१५ दिवसांचा क्लास की २६ दिवसांचा? कोल्हापुरात कार शिकायला नाव घालण्याआधी

कोल्हापुरात ड्रायव्हिंग क्लास शोधायला निघालात की साधारण दोन प्रकार समोर येतात: स्वस्तातला १५ दिवसांचा आणि थोडा महाग २६ दिवसांचा. दिवस आणि फी एवढंच बघितलं तर निर्णय हमखास चुकतो. स्टिअरिंग प्रत्यक्ष तुमच्या हातात किती तास येणार, हे आधी विचारा.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. पहिल्या क्लासची फी ३,५०० रुपये आणि रोज २० मिनिटं गाडी, म्हणजे १५ दिवसांत ५ तास. दुसऱ्याची ६,५०० रुपये आणि रोज अर्धा तास, म्हणजे २६ दिवसांत १३ तास. पहिला तासाला ७०० रुपयांना पडतो, दुसरा ५०० रुपयांना. त्यातही "रोज एक तास" म्हणणाऱ्या क्लासच्या गाडीत मागच्या सीटवर आणखी दोघं बसलेले असतील, तर तुमच्या वाट्याला त्यातली २० मिनिटंच येतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी कारच्या प्रशिक्षणाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास लागतात. १५ दिवसांचा क्लास या दोन्ही अटींत बसत नाही.

लायसन्सच्या तारखाही लांब कोर्सच्याच बाजूने आहेत. शिकाऊ लायसन्स हातात आल्याशिवाय रस्त्यावर गाडी शिकता येत नाही, आणि ते मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टसाठी ३० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी क्लास सुरू केला, तर १५ दिवसांचा कोर्स निम्म्या वाटेवरच संपतो. मग जवळपास दोन आठवडे गाडीला हात नाही आणि टेस्टला थेट ट्रॅकवर. २६ दिवसांच्या कोर्सला मधले रविवार धरून जवळपास महिना लागतो, त्यामुळे टेस्ट देता येईल तेव्हा हात चालता असतो. शिकाऊ लायसन्सची मुदत ६ महिने असते, तेव्हा टेस्टची तारीख फार लांबवूही नका.

टेस्टमध्ये बरेच जण अडकतात ते चढावर गाडी उचलताना. क्लच सावकाश वर आणताना इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी थरथरते. तोच हाफ क्लच. तो पकडण्याआधी ब्रेक सोडला की गाडी मागे येते, आणि घाबरून क्लच एकदम सोडला की बंद पडते. क्लासच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. बंद पडू नये म्हणून तो हळूच आपला क्लच दाबतो आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं! म्हणून शेवटच्या आठवड्यात "सर, तुमचे पाय बाजूला ठेवा" असं स्पष्ट सांगा आणि पन्हाळ्याच्या चढावर थांबून दहा वेळा गाडी उचला. ५ तासांच्या कोर्समध्ये याला वेळच उरत नाही.

'लायसन्ससह' असं लिहिलेलं असेल तर त्यात नेमकं काय येतं ते विचारा. एका कारसाठी सरकारी शुल्क असं आहे: शिकाऊ लायसन्स १५० रुपये, त्याची परीक्षा ५०, ड्रायव्हिंग टेस्ट ३०० आणि लायसन्स २००. म्हणजे ७०० रुपये; स्मार्ट कार्ड वगैरेचा आकार वेगळा. त्याच्या वर जे मागितलं जाईल ते क्लासचं सेवाशुल्क. ते घ्यायला हरकत नाही, पण त्यात ऑनलाइन अर्ज, तारीख घेणं, आदल्या दिवशी टेस्टचा सराव आणि टेस्टसाठी गाडी हे सगळं आहे का? नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं. दुसऱ्या वेळच्या गाडीचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवून घ्या. "पास करून देतो, टेस्टची काळजी नको" असं सांगणारा क्लास मात्र टाळाच. ज्याची टेस्ट नीट झालेली नाही, त्याच्या गाडीत घरची माणसं बसणार असतात.

सुरक्षेच्या बाबतीत आमचा आग्रह किमान दोन तास अंधारात चालवण्याचा आहे. उसाच्या हंगामात गगनबावडा, राधानगरीच्या रस्त्यांवर ट्रॉलीबाहेर आलेल्या उसाने मागचे दिवे झाकलेले असतात, त्यामुळे ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवायची, आणि आपल्या दिव्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. हे दिवसा तोंडी सांगून हातात बसत नाही. फक्त सकाळच्या बॅच असलेल्या क्लासला संध्याकाळचे दोन-चार तास देता येतील का, हे विचारा.

गरज तातडीची असेल, आधी थोडी गाडी येत असेल आणि फक्त हात साफ करायचा असेल, तर थोड्या तासांचा सराव वेगळा घ्या. पहिल्यांदाच शिकत असाल तर २६ दिवसांचाच कोर्स घ्या. पैसे भरताना पावतीवर एकूण तास, चुकलेल्या दिवसाची भरपाई आणि टेस्टच्या गाडीचा खर्च लिहून घ्या, आणि क्लासचा आरटीओ परवाना भिंतीवर लावलेला आहे का तेही पाहा.