26.67 मिलिमीटर! देवळाच्या नकाशात आम्ही कसे फसलो

मी आमच्या वाडीच्या देऊळ समितीचा खजिनदार, त्यामुळे शिव्या मलाच बसतायत. आमची वाडी पाटण तालुक्यातली. भैरोबाचं नवं देऊळ आरसीसीत, पण शास्त्राच्या मापांत बांधायचं ठरलं होतं. स्वतःला शिल्पशास्त्री म्हणवणाऱ्या एकाला नकाशांसाठी 1,85,000 रुपये दिले. 60,000 आगाऊ, बाकीचे माझ्या फोनवरून. पक्कं बिल मागितलंच नाही, तुम्ही मागा.

नकाशा बघून कुणीही भुलला असता. गाभारा आतून 98 इंच, दाराची उंची त्याच्या निम्मी म्हणजे 49, रुंदी उंचीच्या निम्मी. वर कोपऱ्यात 'ध्वजाय' लिहिलेलं. त्यानं दुसऱ्या गावच्या 147 इंची गाभाऱ्याचा नकाशा संगणकावर दोन तृतीयांश केला होता, एवढंच. प्रमाणं बरोबरच राहणार!

पण आय, म्हणजे मापाच्या बाकीवरून ठरणारं शुभ-अशुभ, आकारासोबत लहान होत नाही. अंगुळं वर्गून आठानं भागायचं (त्यानं अंगुळ म्हणजे इंच धरला होता). 147 च्या वर्गाला बाकी 1, म्हणजे ध्वज, शुभ. 98 च्या वर्गाला बाकी 4, म्हणजे श्वान, अशुभ. शाळेतल्या पोराचा भागाकार, आणि आम्ही सात बाप्ये 'ध्वजाय' वाचून हात जोडत बसलो.

आणि खांब! मूळचे 300 मिलिमीटरचे खांब 200 झाले, सळी मात्र 16 चीच, कारण ती अक्षरांत लिहिलेली. सळीवरचं काँक्रीटचं कव्हर 40 हवं, तिथं छापलं होतं 26.67. असा आकडा माणूस लिहितो का? मी त्यावर बोट ठेवून विचारलं होतं. "कॉम्प्युटर अचूक काढतो," तो म्हणाला. मी मान डोलावली. ती मान अजून रात्री आठवते. कोयनेचा 1967 चा भूकंप आमच्या म्हाताऱ्यांनी पाहिलाय. अशा भागात 300 पेक्षा बारीक खांब नियमातच बसत नाही. पण मी शेतकरी, मला कव्हर कोण शिकवणार?

शेवटी गवंड्यानं पकडलं. सहाची पायरी चार इंच झालेली. "आण्णा, भैरोबाला काय रांगती पोरं येणारायत का?" तोवर जोत्यापर्यंतचे खांब झाले होते. ते फोडण्याबांधण्यात 2,12,000 गेले. एकूण 3,97,000.

चौकीत म्हणाले, ही दिवाणी बाब. वकील म्हणाला, करार कुठाय? धर्मादाय कार्यालयात विचारलं, ट्रस्ट नोंदला का? नव्हता. मग समितीच नाही म्हणे, तक्रार कुणाची? पुन्हा चौकीत गेलो तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "पण देऊळ पडलं का?" पडायची वाट बघू का, साहेब?

नकाशावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल तर पायाही खणू नका. पायरीची उंची आधी बघा. भैरोबा सध्या पत्र्याखाली आहेत, आणि त्या माणसाचा फोन बंद.