पाच अँपिअरच्या सॉकेटवर काय लावावं: शंभर वॉटचे जुने बल्ब की नवे एलईडी?

गणपतीला आठ दिवस उरले असताना रामबागेतून वहिनींचा फोन आला. माळ्यावरून जुनी माळ खाली काढली होती. एका लांब वायरीवर दहा होल्डर आणि दहा शंभर वॉटचे तारेचे बल्ब. ती गॅलरीतून अंगणापर्यंत सोडायची होती आणि गॅलरीत पाच अँपिअरचं एकच सॉकेट. "भाऊजी, दहाही पेटवले तर चालतील ना? का महाराणी रोडवरून एलईडी आणू?"

शाळेतल्या हिशेबाने उत्तर सोपं आहे. व्होल्ट म्हणजे बोर्डावर येणारा दाब, तो आपल्याकडे २३०. अँपिअर म्हणजे वायरीतून वाहणारा करंट. वॉट म्हणजे उपकरण खात असलेली वीज. तारेच्या बल्बाला किंवा इस्त्रीला W = V × A एवढं सूत्र पुरतं. २३० गुणिले ५ म्हणजे ११५० वॉट. शंभराचा एक बल्ब ०.४३ अँपिअर घेतो, म्हणून अकरा बल्ब बसतात आणि बारावा जड होतो. मी फोनवरच "चालतील" म्हणणार होतो. तरी घरी जाऊन बोर्ड बघितला, आणि बरं झालं बघितला.

सॉकेटवर लिहिलेले पाच अँपिअर (हल्ली ६ लिहिलेलं असतं) हे त्या सॉकेटच्या पितळी पट्ट्यांचं सोसणं आहे. मागची वायर त्याच्या एकट्याची नसते. वहिनींच्या घरी तीच लाइन पुढच्या खोलीतल्या दोन पंख्यांना, दोन ट्यूबलाइटना आणि टीव्हीला जाते. पंखे दीडशे, ट्यूब चाळीस, टीव्ही शंभर, म्हणजे २९० वॉट आधीच चालू. दिव्यांच्या एका लाइनवर दहा पॉइंट आणि ८०० वॉट, याच्या पुढे जाऊ नये असा वायरिंगचा जुना, रुळलेला नियम आहे. तो लावला तर माळेसाठी उरतात ५१० वॉट. म्हणजे अकरा नाही, दहा नाही, पाच बल्ब.

वहिनी म्हणाल्या, "पण एमसीबी आहे की, जास्त झालं तर तो उडेल." इथेच बहुतेक जण फसतात. सहा अँपिअरचा एमसीबी सहाच्या वर गेल्या गेल्या उडत नाही. ६.८ अँपिअरवर तो तासभर तसाच राहू शकतो, आणि तासाच्या आत उडेलच अशी खात्री ८.७ अँपिअरपासून मिळते. मधल्या पट्ट्यात सॉकेट, पिन आणि सैल झालेला स्क्रू मुकाट्याने तापत राहतात. दहा बल्ब आणि खोलीतलं सगळं मिळून सुमारे साडेपाच अँपिअर होतात. एमसीबीची त्याला काहीच हरकत नाही. त्यात आरतीच्या आधी कुणी त्याच खोलीत हजार वॉटची इस्त्री लावली की आकडा दहाच्या जवळ जातो. तेव्हा एमसीबी उडतो खरा, पण लगेच नाही.

आता एलईडीकडे येऊ. दुकानातला नऊ वॉटचा बल्ब हातात घेऊन त्याच्या पांढऱ्या बुडावरची छपाई वाचा. साधारण अशी असते:

```
220-240 V~  50 Hz  9 W  75 mA
```

सूत्र लावलं तर नऊ भागिले २३०, म्हणजे ०.०३९ अँपिअर. पण छापलंय ७५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०७५, जवळजवळ दुप्पट. छपाई चुकलेली नाही. एलईडीच्या आतलं सर्किट करंट एकसारखा न घेता धक्क्याधक्क्याने घेतं, म्हणून व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर १७ येतात आणि खरे वॉट मात्र नऊच असतात. या दोन आकड्यांचं गुणोत्तर म्हणजे पॉवर फॅक्टर, इथे ०.५२. खोक्यावर ०.९ च्या वर लिहिलेले बल्बही मिळतात, ते थोडे महाग असतात. घरगुती मीटरचे युनिट वॉटवर मोजले जातात, पण वायर अँपिअरने तापते. म्हणून किती बल्ब लावायचे ते ठरवताना वॉट नको, अँपिअरचा आकडा धरा. नुसत्या वॉटवर ५१० मध्ये छप्पन्न एलईडी बसतात. अँपिअरने मोजलं तर पाच अँपिअरमधून २९० वॉटचे सव्वा अँपिअर सोडून पावणेचार उरतात आणि त्यात पन्नास बसतात. मी चाळीसवर थांबेन. इतके बल्ब एका बटणावर एकदम पेटले की आतले कपॅसिटर क्षणभर मोठा झटका ओढतात, आणि एमसीबी त्या क्षणीच उडू शकतो. तसं झालं तर माळ दोन बटणांवर वाटून द्यावी.

पण चाळीस लागतात कुणाला? शंभरचा तारेचा बल्ब तेराशे-चौदाशे ल्युमेन उजेड देतो, नऊ वॉटचा एलईडी नऊशेच्या आसपास. म्हणजे "एकाला एक" असा हिशेब करू नका, नाहीतर अंगण अंधारं वाटेल आणि दोष एलईडीला द्याल. दहा जुन्यांच्या जागी पंधरा नवे लागतील.

| | १० तारेचे बल्ब | १५ एलईडी |
|---|---|---|
| वॉट | १००० | १३५ |
| अँपिअर | ४.३५ | सुमारे १.१ |
| रोज ६ तास, १० दिवस | ६० युनिट | ८ युनिट |
| या लाइनवर | बसत नाहीत | आरामात |

तारेच्या बल्बांच्या बाजूने एकच मुद्दा उरतो: ते घरात आहेत, आणि त्यांचा पिवळा उजेड मूर्तीवर सुंदर पडतो. तोच हवा असेल तर पाच जुने लावा आणि बाकीचे पाच होल्डर तसेच रिकामे लटकू देऊ नका. त्यात बोट जातं, पाणी जातं. किंवा "वॉर्म व्हाइट" एलईडी घ्या, पिवळेपणा बराच जुळतो. डिमरवर मात्र साधा एलईडी लावू नका, तो लुकलुकतो.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. माळेचा प्लगजवळचा पहिला तुकडा सगळ्या बल्बांचा करंट वाहतो, शेवटचा फक्त एकाचा. वहिनींच्या माळेत नेमका पहिलाच तुकडा कडक होऊन तडकला होता. आणि एका सॉकेटमध्ये मल्टीप्लग खोचून तीन माळा लावल्या तरी सॉकेट पाच अँपिअरचंच राहतं. मोठ्या पिनेचा प्लग बसवून देणारा कन्व्हर्टरही त्यात एका अँपिअरची भर घालत नाही.

वहिनींनी पंधरा एलईडी आणले, पहिला तुकडा नव्या वायरीचा करून घेतला. स्थापनेच्या संध्याकाळी अर्धा तास माळ पेटती ठेवून मी बटण बंद केलं, प्लग काढला आणि त्याच्या अंगाला हात लावला. गार होता. कोमट लागणं ठीक, पण हात ठेववत नसेल, पिनेशी तपकिरी डाग असेल किंवा सडक्या मासळीसारखा जळका वास येत असेल, तर बल्ब कमी करून भागत नाही, सॉकेटच बदलावं लागतं. वर माळ्यावरच्या पेटीत ते दहा जुने बल्ब परत गेले, कागदात गुंडाळून. टाकून द्यायला वहिनी तयार नाहीत.