‘रोज अपडेट होणारं’ न्यूज कॅलेंडर विकत घेतलं आणि सीपीआयच्या वेळी बॉट चालूच राहिला

कोणी तुम्हाला न्यूजच्या वेळी ट्रेडिंग बॉट आपोआप थांबवणारं कॅलेंडर विकत असेल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा, कारण माझे पैसे गेलेत आणि तोच माणूस अजून तेच विकतोय.

माझा युरो-डॉलरवर ग्रिड बॉट आहे, म्हणजे भावाच्या वर सेलच्या ऑर्डरी, खाली बायच्या, भाव मधे हलत राहिला की थोडं थोडं सुटतं. अशा बॉटला सगळ्यात मोठा धोका अमेरिकेच्या महागाईच्या आकड्याचा, म्हणजे सीपीआयचा, आणि फेडच्या व्याजदराचा, कारण तेव्हा भाव एका बाजूला पळतो, त्या बाजूच्या सगळ्या ऑर्डरी भरतात आणि भाव परत येईपर्यंत खातं तग धरेल याची खात्री नसते. म्हणून मी हे सबस्क्रिप्शन घेतलं. विकणारा म्हणाला आमची टीम रोज तारखा तपासते, तुम्ही काही बघायची गरज नाही, आणि मी खरंच बघणं सोडून दिलं.

15 ऑक्टोबर 2025 ला संध्याकाळी मोबाईलवर मेसेज आला:

```
US CPI: paused 12:15–13:00 UTC
```

भाव शांत होता, मला वाटलं वा, काय मस्त काम करतंय. आकडा त्या दिवशी आलाच नव्हता म्हणून भाव शांत होता, हे मला नंतर कळलं. 1 ऑक्टोबरपासून अमेरिकन सरकारचं शटडाऊन होतं आणि बीएलएसने, म्हणजे हा आकडा काढणाऱ्या सरकारी खात्याने, 10 तारखेलाच जाहीर केलं होतं की सप्टेंबरचा सीपीआय आता 24 ऑक्टोबरला येणार. टीम रोज तपासत असती तर पाच दिवस हातात होते.

24 तारखेला मेसेज आला नाही आणि मीही काही मनावर घेतलं नाही. 12:30 यूटीसीला आकडा आला, 3.1 टक्के अपेक्षित होता तो 3.0 निघाला, डॉलर पडला, युरो उसळला, माझ्या सेलच्या ऑर्डरी एकामागून एक भरल्या, स्प्रेड फाकला आणि सगळे स्टॉप ठरवलेल्या भावापेक्षा वाईट भावाला लागले. दोन महिन्यांची कमाई काही मिनिटांत गेली. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे हा मार्केट रिस्क आहे, आमची जबाबदारी नाही.

मग रात्री बसून मी बॉट जी फाईल वाचतो ती उघडली. सगळ्या वर्षाच्या तारखा एकदाच टाकलेल्या, फाईलवर शेवटच्या बदलाची तारीख जानेवारीची! म्हणजे टीमबिम काही नाही, वर्षाच्या सुरुवातीला कोणीतरी सरकारी वेळापत्रक कॉपी केलं आणि दर महिन्याला त्याचे पैसे घेत राहिला.

अजून एक सापडलं ते जास्त भयंकर. 10 डिसेंबरच्या फेड निर्णयाची वेळ 18:00 यूटीसी लिहिलेली. फेडचा निर्णय न्यूयॉर्कच्या घड्याळाने दुपारी 2 ला येतो, उन्हाळ्यात ते 18:00 यूटीसी असतं, पण 2 नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे जाणार होती, त्यामुळे डिसेंबरात तेच 19:00 होतं. बॉट 18:30 ला परत सुरू झाला असता आणि अर्ध्या तासाने निर्णय आला असता. बरं, 2:30 ला पत्रकार परिषद असते, भाव तेव्हाही उलटसुलट पळतो, त्यामुळे वेळ बरोबर असती तरी अर्ध्या तासाची विश्रांती पुरली नसती.

आता मी वेळा `America/New_York` मधेच ठेवतो, यूटीसी बॉटला काढू देतो, तारखा रोज थेट bls.gov आणि federalreserve.gov शी जुळवतो, आणि कॅलेंडर शिळं झालं तर बॉटने काहीच इव्हेंट नाही असं समजून पुढे न जाता थांबायचं:

```python
if now - cal_checked_at > timedelta(hours=24):
    bot.cancel_all()
    bot.pause("calendar stale")
```

`cancel_all` मुद्दाम आहे, कारण माझ्या जुन्या बॉटचं ‘पॉज’ म्हणजे फक्त नवीन ऑर्डर टाकणं बंद, आधी लावलेल्या तशाच लटकत राहायच्या, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

विकणाऱ्याला पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा की त्याच्या कॅलेंडरने शटडाऊनच्या वेळी काय दाखवलं आणि बदल कधी केला त्याची नोंद दाखव. सप्टेंबरचा आकडा 15 वरून 24 ऑक्टोबरला गेला, ऑक्टोबरचा वेगळा आलाच नाही, नोव्हेंबरचा 10 वरून 18 डिसेंबरला गेला. मी माझ्यावाल्याला ग्रुपवर हेच विचारलं, दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं आणि रिफंडच्या मेलला आजपर्यंत उत्तर नाही.