सॅलिसिलिकचा की साधा? लेकाचा पहिला फेसवॉश

दहावीतल्या आमच्या चिरंजीवांच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या, नाक दुपारपर्यंत चकाकायला लागलं. दादरच्या केमिस्टकडून दोन फेसवॉश आणले. एक २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा, दुसरा साधा, बिनवासाचा, जेमतेम फेस होणारा.

"आई, मला हाच हवा. धुतल्यावर चेहरा कसा करकरीत लागतो बघ!"

त्या करकरीतपणाशीच माझं भांडण आहे. मीही एक उन्हाळा सॅलिसिलिक वापरलंय. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्रात शिरून आतला मळ सुटा करतं. नाकावरच्या काळ्या ठिपक्यांवर माझ्या मते त्याला तोड नाही. पण तोंड पुसून दहा मिनिटं झाली की गाल ओढल्यासारखे व्हायचे, हसतानाही जाणवायचं. हे मी त्याला सांगितलं. पण ऐकतो कोण? शिवाजी पार्कवरून खेळून आला की धू, क्लासला निघाला की धू. दिवसाला चार वेळा.

आठवड्याने स्वतःच म्हणाला, "नाकाच्या बाजूला पापुद्रे निघतायत. आणि तुझं क्रीम झोंबतं."

"क्रीम नाही रे झोंबत, तू कातडी सोलून ठेवलीयस."

मग साधा सुरू केला, सकाळी आणि खेळून आल्यावर. "धुतल्यासारखं वाटतच नाही," ही तक्रार चार दिवस चालली. पापुद्रे मात्र गेले. सॅलिसिलिक आता आठवड्यातून दोनदा, रात्री, तेही नाक-कपाळापुरतं. ज्याची त्वचा खरंच राठ आणि तेलकट आहे, त्याला ते रोजही चालत असेल. आमच्याकडे नाही जमलं.

मॉइश्चरायझरवर फारसा वाद झाला नाही. "आधीच तेलकट, वर आणखी कशाला?" एवढंच त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ते तेल आहे, तुला पाणी धरून ठेवणारं हवंय. माझं घट्ट क्रीम लावून तो एकदा सकाळच्या लोकलला चढला. माटुंग्यापर्यंत घामाबरोबर ते डोळ्यात उतरलं, शर्टाच्या बाहीने पुसत कॉलेजात... म्हणजे शाळेत गेला. (कॉलेजची घाई मलाच झालीय.) तेव्हापासून ग्लिसरीनचं जेल, वाटाण्याएवढं, चेहरा ओलसर असतानाच. मुंबईच्या दमट हवेत मला तरी तेच बरं वाटतं. क्रीम थंडीत गावी जाताना बॅगेत टाकते.

एक गोष्ट दोन्ही बाटल्यांवर लिहिलेली नसते. पुटकुळ्या केसांच्या कडेलाच जास्त का, हे बघताना लक्षात आलं की दर रविवारी आजी त्याचं डोकं खोबरेलाने चोपडते आणि तो तसाच झोपतो. आता तेल आंघोळीआधी तासभर. आजी अजून रुसलेल्या आहेत.