चौकड्या दिसल्या म्हणजे पीएनजी पारदर्शक असतेच असं नाही

चोपड्याला आमचा केळी वेफर्सचा छोटा घरगुती धंदा आहे. पिशवी भगवी. तिच्यावर चिकटवायला बॅकग्राउंड नसलेला लोगो हवा होता, आणि तोच व्हॉट्सॲपवर स्टिकर म्हणूनही वापरायचा होता. ऑनलाइन भेटलेल्या एका डिझायनरने अठराशे रुपये आधी घेतले आणि दोन दिवसांनी पीएनजी फाइल पाठवली. केळीच्या घडामागे पांढऱ्या-करड्या चौकड्या दिसत होत्या. चौकड्या म्हणजे पारदर्शक, एवढंच मी ऐकलं होतं, म्हणून मी निर्धास्त झालो.

प्रेसवाल्याने मोबाइलवर पाठवलेला छोटासा नमुना मी घाईत पास केला. पाचशे लेबलं छापून आली. पहिलं लेबल पिशवीवर लावलं तेव्हा आई म्हणाली, "हाई काय शे रे भाऊ?" घडाभोवती फिकट चौकड्यांचा चौकोन छापला होता.

डिझायनरला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, तुमच्या व्हॉट्सॲपने फाइल बिघडवली. ओरिजिनलचे हजार रुपये वेगळे लागतील." त्याच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, म्हणूनच मी जवळजवळ फसलो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी जेपीजी होते, आणि जेपीजीत पारदर्शकता राहत नाही. पण तेव्हा मागे एकसंध पांढरा किंवा काळा रंग येतो. चौकड्या कधीच येत नाहीत! त्या फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर फक्त पडद्यावर दाखवतं, त्या फाइलमध्ये नसतात. माझ्या फाइलमध्ये त्या चित्राचाच भाग होत्या, म्हणजे त्याने कुठूनतरी उचललेलं चित्र नुसतं .png नाव देऊन विकलं होतं.

हे प्रेसमधल्या ऑपरेटर दादांनी मला दाखवलं. त्यांनी पानावर लाल रंगाचा पट्टा काढला आणि वर माझी फाइल ठेवली. लाल कुठेच दिसला नाही. मग शेजारी दुसऱ्या गिऱ्हाईकाचा खरा लोगो ठेवला, तर अक्षरांच्या पोकळीतूनसुद्धा लाल डोकावत होता. पैसे देण्याआधी एवढं एक मिनिट काढा. फाइल ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा आणि गडद रंगावर ठेवून बघा.

दुसरी गोष्टही तेव्हाच कळली. फाइल 512 बाय 512 पिक्सेलची होती. व्हॉट्सॲपच्या स्टिकरला तेच माप लागतं, पण 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 पिक्सेल धरून छापायला ते जेमतेम पावणेदोन इंच पुरतं, आणि माझं लेबल तीन इंचांचं, म्हणजे 900 पिक्सेल हवे होते. त्यामुळे चौकड्या नसत्या तरी कडा फाटल्यासारख्या आल्याच असत्या.

चौकड्या पुसून काम चालवावं म्हटलं, तर घडाच्या कडेला करडी किनार उरत होती. शेवटी दादांनी लोगो कोरलड्रॉमध्ये नव्याने आखून दिला आणि त्यातूनच दोन्ही मापांच्या पीएनजी काढून दिल्या. डिझायनरचा नंबर आता लागत नाही. पाचशे लेबलं रद्दीत गेली.